काफूर, जंजबील, अब्ब: शब्दाचं मूळ कधी शोधावं आणि कधी सोडून द्यावं

प्रश्न: मी कुरआनमधल्या काही सूरांचा, म्हणजे अध्यायांचा, मराठी अनुवाद करतो आहे. ‘काफूर’, ‘जंजबील’ असे मुळात अरबी नसलेले शब्द आले की अडतो. प्रत्येकाची व्युत्पत्ती शोधत बसायचं का, की तफसीरमध्ये, म्हणजे जुन्या भाष्यात, दिलेला अर्थ घेऊन पुढे जायचं? आणि मूळ सापडलंच तर ते अनुवादात कुठे दाखवायचं?

उत्तर: तुम्ही नेमके सूरा अल-इन्सानमधले, म्हणजे ७६व्या सूरेतले दोन शब्द घेतले आहेत. तेच धरून बोलतो, कारण या कामातले बहुतेक पेच त्या दोन शब्दांत सापडतात.

आधी मराठीतला एक अनुभव. ‘गरीब’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी, विचित्र. आता कोणी ‘तो गरीब घरातला आहे’ या वाक्याचा अनुवाद मूळ शोधून ‘तो परक्या घरातला आहे’ असा केला, तर व्युत्पत्ती शंभर टक्के बरोबर आणि अनुवाद पूर्ण चूक. शब्द कुठून आला हे मूळ सांगतं. ऐकणाऱ्याच्या कानात त्याचा काय अर्थ होता, हे मूळ सांगत नाही. आपल्याला अनुवाद करायचा आहे तो सातव्या शतकातल्या हिजाजमधल्या ऐकणाऱ्याच्या कानातल्या अर्थाचा. म्हणून शब्द परका दिसला की मी लगेच सिरियाक, म्हणजे अरामीची एक शाखा, किंवा फारसी कोश उघडत नाही. आधी तो शब्द कुरआनमध्ये आणखी कुठे आला आहे ते पाहतो, मग इस्लामपूर्व काव्य आणि हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, मग जुन्या भाष्यकारांनी काय नोंदवलं आहे आणि त्यांच्यात एकमत आहे का ते. एवढ्यावर अर्थ पक्का झाला तर मूळ शोधणं ही माझी हौस उरते. अनुवादाला त्याची गरज नसते.

‘सिरात’ घ्या. लॅटिन ‘स्त्राता’, म्हणजे फरसबंदी रस्ता, हे त्याचं मूळ ग्रीक-अरामीच्या वाटेने अरबीत आलं असं मानतात, आणि जुन्या मुस्लिम अभ्यासकांनीही त्याची गणना रूमी, म्हणजे रोमन-ग्रीक, शब्दांत केली आहे. पण ‘सिरात’ म्हणजे मार्ग, यात कोणाचंच दुमत नाही. तिथे ‘सरळ मार्ग’ लिहायचं आणि पुढे जायचं. ‘रोमन फरसबंदी’ची टीप वाचकाला पहिल्याच सूरेत आयतीपासून, म्हणजे मूळ वचनापासून, दूर नेते.

आता काफूर. पाचवी आयत सांगते की पुण्यवान लोक अशा पेल्यातून पितील ज्याचं मिश्रण ‘काफूर’ असेल. हा शब्द कुरआनमध्ये या एकाच ठिकाणी येतो, त्यामुळे कुरआनच्या आतून पडताळा मिळत नाही. शब्द दिसायला मात्र अस्सल अरबी आहे. क-फ-र ही तीन व्यंजनं, म्हणजे झाकणं, नाकारणं, कृतघ्न होणं या अर्थांचा ओळखीचा धातू. कोशकारांनी तो धागा धरलाही: खजुराच्या फुलोऱ्याला झाकणाऱ्या आवरणालाही अरबीत ‘काफूर’ म्हणतात. नवा अनुवादक इथेच फसतो. धातू सापडला म्हणजे शब्द घरचा, असं त्याला वाटतं, आणि मग ‘दोष झाकून टाकणारं पेय’ असल्या वळणाचे अर्थ सुचायला लागतात.

शब्द परका असल्याच्या खुणा बारीक आहेत, पण आहेत. एक म्हणजे त्याचा साचा. पहिल्या व्यंजनानंतर दीर्घ ‘आ’, दुसऱ्यानंतर दीर्घ ‘ऊ’ हा ढाचा अरबीत बाहेरून आलेल्या शब्दांमध्ये वारंवार भेटतो. ताबूत, हारून, कानून आठवून पाहा. दुसरी खूण म्हणजे पदार्थ. कापराचं झाड अरबस्तानात नाही. जुना, मोलाचा कापूर सुमात्रा-बोर्निओकडच्या उंच झाडांच्या खोडातून निघायचा. जो पदार्थ समुद्रापलीकडून येतो तो सहसा आपलं नावही घेऊन येतो. तिसरी खूण ध्वनीची. मध्य फारसीत शब्द ‘कापूर’ आहे. अरबीत ‘प’ नाही, त्याच्या जागी ‘फ’ येतो; पार्सचं फार्स झालं तसंच कापूरचं काफूर झालं. आणखी मागे गेलं की संस्कृत ‘कर्पूर’ आणि मलय ‘कापुर’ दिसतात. मलय भाषेत ‘कापुर’ म्हणजे चुना, आणि पांढऱ्या खड्यांना ते नाव पडणं सहज समजण्यासारखं आहे. मराठी कापूरही याच घराण्यातला.

म्हणजे मूळ सापडलं, आणि ते आपल्याच देवघरात निघालं. पण अनुवादासाठी खरा पुरावा हा नव्हे. खरा पुरावा अरबीच्या आत आहे. पैगंबरांच्या कन्येच्या मृत्यूनंतर स्नान घालणाऱ्या स्त्रियांना त्यांनी पाणी आणि बोरीची पानं वापरायला आणि शेवटच्या वेळी त्यात काफूर घालायला सांगितलं, अशी उम्म अतिय्या यांची प्रसिद्ध हदीस आहे. म्हणजे त्या घरात काफूर हा हातात घेता येणारा पदार्थ होता. पदार्थ दुर्मीळ मात्र होता: ६३७ साली इराणी साम्राज्याची राजधानी मदाइन जिंकल्यावर काही अरब सैनिकांनी तिथे सापडलेला कापूर मीठ समजून जेवणात घातला, अशी हकीकत इतिहासकार सांगतात. काहींच्या हातातला आणि बहुतेकांनी फक्त नाव ऐकलेला असा हा पदार्थ. स्वर्गातल्या पेल्याच्या वर्णनात तो का आला असेल हे यावरून कळतं. काही जुन्या भाष्यकारांनी ‘काफूर’ हे स्वर्गातल्या झऱ्याचं नाव मानलं, कारण पुढचीच आयत ‘एक झरा’ अशी सुरू होते. पण त्यांनाही ते नाव कापराच्या गारव्यावरून आणि सुगंधावरून पडलंय, हेच अभिप्रेत आहे.

मग मराठीत सरळ ‘कापूर’ लिहायचं का? माझ्या पहिल्या मसुद्यात मी ते टाळलं होतं. कापूर म्हटलं की मराठी वाचकाला आरतीचं तबक दिसतं, ज्योत दिसते, आणि तो म्हणणार, कापूर पितात का? म्हणून मी ‘शीतल सुगंधी द्रव्य’ असं लिहून ठेवलं. मसुदा वाचून दाखवला तेव्हा एका ज्येष्ठ मौलवीसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, “आयतीत पदार्थाचं नाव आहे आणि तुम्ही त्याचं वर्णन लिहिलंय. अरब माणसानेही काफूर रोज पेल्यात घालून प्यायलेला नव्हता. त्याला जे नवल वाटलं ते तुमच्या वाचकाला वाटू द्या ना.” त्यांचं म्हणणं मला पटलं. शिवाय आपल्याकडे देवळातल्या तीर्थात भीमसेनी कापूर घालतातच, आणि हा भीमसेनी कापूर परंपरेने त्या पूर्वेकडच्या झाडाचाच. दुकानात वड्यांमध्ये मिळणाऱ्या जाळायच्या कापरापेक्षा तो वेगळा. तेव्हा मजकुरात ‘कापूर’, आणि तळटीपेत एक वाक्य: हा खाण्यापिण्यात वापरायचा सुगंधी कापूर. मूळ शोधल्याचा इथे फायदा झाला तो एवढाच, की ‘कापूर’ लिहिताना हात थरथरला नाही. अर्थ मात्र हदीसने आणि वापराने ठरवला.

या शब्दात आणखी एक गोष्ट आहे. फक्त व्युत्पत्तीवर नजर असली तर ती निसटते. तिसरी, चौथी आणि पाचवी आयत मोठ्याने म्हणून पाहा. तिसरीचा शेवट ‘इम्मा शाकिरन व इम्मा कफूरा’, म्हणजे माणूस कृतज्ञ होवो की कृतघ्न. चौथीत ‘काफिरीन’ साठी साखळ्या. आणि पाचवीचा शेवट ‘काफूरा’. कफूर, काफिरीन, काफूर. व्युत्पत्ती सांगते की तिसऱ्या शब्दाचा पहिल्या दोघांशी काहीही संबंध नाही. कान सांगतो की फार जवळचा संबंध आहे: ज्याने उपकार नाकारला त्याच्या वाट्याला बेड्या, आणि लगेच त्याच ध्वनीवर सुगंधी पेला. पठण ऐकणाऱ्याला हे जाणवतं. म्हणून ‘हा शब्द परका आहे, त्याचा क-फ-र धातूशी काही संबंध नाही’ एवढं लिहून मोकळं होणं हाही अपुरेपणा. परका शब्द एकदा भाषेत रुळला की तो त्या भाषेतल्या इतर शब्दांशी सूर जुळवतो, आणि मजकूर त्या सुरांचा उपयोग करतो.

मराठीत हा सूर धरता येतो का, हे मी बराच काळ पाहत होतो. ‘काफिरांसाठी’ आणि ‘कापूर’ शेजारी ठेवले तर ध्वनी जुळतो. पण ‘काफिर’ हा शब्द आज मराठीत शिवी म्हणूनच ऐकू येतो, आणि चौथ्या आयतीतला मुद्दा कृतघ्नतेने नाकारण्याचा आहे. ध्वनीसाठी अर्थ बिघडवायला मन घेईना. मी ‘नाकारणारे’ लिहिलं, सूर सोडला आणि टीपेत दोन ओळींत सांगून टाकलं की मुळात इथे ध्वनीची साखळी आहे.

आता सतराव्या आयतीतला ‘जंजबील’. हाही कुरआनमध्ये एकदाच येतो. इथे कोणी धातू शोधायला जात नाही, कारण शब्दाचा आकारच मोठा आहे. अर्थाचा पुरावा काव्यात आहे: अल-आशा हा इस्लामच्या उंबरठ्यावरचा कवी प्रियेच्या मुखाचं वर्णन करताना म्हणतो, जणू लवंग आणि जंजबील तिथे रात्रभर मुक्कामाला होते, सोबत ताजा मध. भाष्यकार हीच ओळ देतात. अर्थ ठरला: आल्याच्या जातीचा तिखट, सुगंधी पदार्थ.

मूळ मात्र मोह पाडणारं आहे. संस्कृतात आल्याला ‘शृंगवेर’, पालीत ‘सिंगिवेर’. तिथून मध्य फारसीत ‘सिंगिबेर’च्या जवळचं रूप, आणि अरामी-सिरियाकमध्ये ‘जंगबील’. शेवटच्या ‘र’चा ‘ल’ तिथेच झालेला दिसतो. अरबीत ‘ग’ नाही, त्याचा ‘ज’ होतो, जसा फारसी ‘गौहर’चा अरबीत ‘जौहर’ झाला, ज्याचं अनेकवचन आपण मराठीत ‘जवाहीर’ म्हणून वापरतो. रामायणात गुहाने रामाला गंगापार नेलं त्या शृंगवेरपुराच्या नावात दडलेला शब्द कुरआनच्या आयतीत भेटतो, तेव्हा मला अजूनही क्षणभर थांबायला होतं.

पण पुढे पाहा. ‘शृंगवेर’ म्हणजे शिंगाच्या आकाराचं, हा संस्कृतातला उलगडाही नंतर जोडलेला आहे. शब्द मुळात दक्षिणेकडचा: तमिळमध्ये ‘इंजि’ म्हणजे आलं आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. संस्कृतने तो उचलला आणि त्यात आपलं ‘शृंग’ पाहिलं. अरबी कोशकारांनी काफूरमध्ये क-फ-र पाहिला तसंच. परका शब्द घरच्या धातूला बांधून घ्यायची खोड प्रत्येक भाषेला असते. तेव्हा ‘मूळ अर्थ शिंगासारखं मूळ’ अशी टीप जंजबीलला जोडली, तर ती एका भाषेची लोकव्युत्पत्ती दुसऱ्या भाषेच्या धर्मग्रंथात घुसवणं होईल.

मराठीत प्रश्न उरतो तो आलं की सुंठ. मी सुंठ लिहितो. दूरच्या व्यापारात टिकायचं ते वाळवलेलं, आणि पेयात मिसळायचं तेही तेच सोपं. विरुद्ध बाजूनेही सांगण्यासारखं आहे: वनस्पतींवर लिहिणारा अबू हनीफा अद-दीनवरी म्हणतो की जंजबील अरबांच्या मुलखात, ओमानमध्ये उगवतं. तसं असेल तर ओलं आलंही माहीत असणार. तुम्ही ‘आलं’ लिहिलंत तर मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त पाचव्या आयतीतला गार कापूर आणि सतराव्या आयतीतली गरम सुंठ ही जोडी वाचकाला जाणवली पाहिजे.

या दोन्ही शब्दांत मूळ शोधल्याने अर्थ बदलला नाही. तिसरा प्रकार असा की जिथे अरबी परंपराच अडखळते, आणि तिथे मूळ शोधणं कर्तव्य ठरतं. ८०व्या सूरेत देवाने जमिनीतून उगवलेल्या गोष्टींची यादी आहे: धान्य, द्राक्षं, हिरवा पाला, जैतून, खजूर, दाट बागा, आणि मग ‘फाकिहतन व अब्बा’. फाकिहा म्हणजे फळ. ‘अब्ब’ म्हणजे काय? खलिफा उमर यांनी ही आयत म्हटली आणि म्हणाले, फळ कळलं, पण अब्ब काय? मग स्वतःशीच म्हणाले की याच्या मागे लागणं उगाच खोलात शिरणं आहे. कुरैशी, अरबी ज्याची मातृभाषा, त्या माणसाला शब्द अडला. इथे तुम्हाला थांबावंच लागतं.

बहुतेक भाष्यकारांनी अर्थ दिला गुरांचा चारा, कुरण. कारण पुढची आयत म्हणते, ‘तुमच्यासाठी आणि तुमच्या गुरांसाठी’. पण नीट पाहिलं तर अडचण दिसते: अर्थ स्वतंत्रपणे माहीत होता की याच पुढच्या ओळीवरून अंदाज केला? उलट सिरियाकमध्ये ‘एब्बा’ म्हणजे फळ, आणि अक्कादी ‘इन्बु’, तेही फळ. हे मूळ मानलं तर ‘फळं आणि फळफळावळ’ अशी जोडी होते आणि गुरांच्या वाट्याला आधीचा हिरवा पाला तेवढा उरतो. मी मजकुरात ‘चारा’ ठेवला. यादीच्या अगदी शेवटी, गुरांच्या उल्लेखाला लागून शब्द येतो, आणि पहिल्या पिढ्यांमधून आलेला हा अर्थ सरसकट अंदाज ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. पण टीप इथे लांब दिली आहे: उमर यांचा प्रश्न, भाष्यकारांचा अर्थ, सिरियाक शब्द, तिन्ही. इथे वाचकाला शंका दाखवणं हाच प्रामाणिक अनुवाद.

उलटी चूकही सांगतो. २००० साली लुक्सेनबर्ग या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने ‘हूर’, म्हणजे स्वर्गातल्या सुंदर स्त्रिया, हा शब्द सिरियाकच्या आधारे पांढरी द्राक्षं असा वाचला आणि जगभर बातम्या झाल्या. पण ह-व-र हा धातू अरबीत जिवंत आहे, डोळ्यांच्या शुभ्र-काळ्या सौंदर्यासाठी काव्यात तो येतो. ५५व्या सूरेत हूर तंबूंमध्ये राहतात, आणि ‘आम्ही त्यांची जोडी लावून दिली’ या वाक्यात द्राक्षं बसवायची तर क्रियापदातल्या अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, बदलून वाचावं लागतं. मूळ खरं ठरवण्यासाठी शेजारचा मजकूर दुरुस्त करावा लागला, की समजावं आपण वाट चुकलो.

कुठे लिहायचं याबद्दल. कुरआन स्वतःला वारंवार अरबी म्हणवतो, आणि ४१व्या सूरेत तर ‘अजमी’ म्हणजे परभाषी असता तर लोक काय म्हणाले असते हेही येतं. म्हणून इमाम शाफिई, ज्यांचा मृत्यू ८२० साली झाला, त्यांनी ग्रंथात परका शब्द आहे हे म्हणणंच नाकारलं. भाष्यकार तबरींनी असे शब्द दोन भाषांत योगायोगाने सारखे आहेत, असं मानलं. पण पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास आणि त्यांच्या शिष्यांच्या नावावर ‘हा फारसी’, ‘हा हबशी’ अशी मतं नोंदलेली आहेतच. ८३८ साली वारलेल्या अबू उबैद यांनी दोन्ही बाजू जुळवल्या: शब्द मुळात बाहेरचे, पण अरबांनी ते आधीच आपल्या जिभेवर आणले होते, ग्रंथ उतरला तेव्हा ते अरबीच होते. याला ‘मुअर्रब’ म्हणतात, आणि पुढे सुयूतींनी अशा शब्दांची यादीच केली. तुमच्या टीपेची भाषा याच वळणाने जाऊ द्या. ‘हा फारसी शब्द आहे’ असं न लिहिता ‘फारसीतून येऊन अरबीत रुळलेला शब्द’ लिहा. भाषाशास्त्रालाही तेच नेमकं वाटतं आणि श्रद्धावान वाचकालाही त्यात खटकण्यासारखं काही नाही.

मजकुरात, कंसात, मूळ कधीच देऊ नका. पठणाची लय तुटते. तळटीपेत फक्त तिथे द्या जिथे त्यामुळे वाचकाची निवड बदलू शकते, जशी ‘अब्ब’ची. बाकी सगळं पुस्तकाच्या शेवटी शब्दसूचीत.

संदर्भासाठी आर्थर जेफरी यांचा परक्या शब्दांचा कोश हाताशी ठेवा. तो १९३८ साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने, गायकवाडांच्या ग्रंथमालेत छापला. त्यांच्या प्रत्येक नोंदीत आधी मुस्लिम अभ्यासकांची मतं येतात आणि मग पाश्चात्त्यांची. वाचताना पहिला भाग गाळू नका, घाईत तोच गाळला जातो. आणि त्यांनी एखादं मूळ ‘बहुधा’ म्हटलं असेल, तर तुमच्या सूचीतही ते ‘बहुधा’च राहू द्या.